‘ळ’चे डोळे का मिटले? गुळाच्या खोक्यावरच्या आउटलाइनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचं हे काम. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मापं हिशेबाला सोपी जावीत म्हणून थोडी गोळाबेरीज करून दिली आहेत. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात गुळाच्या खोक्यांची कामं वाढत गेली. पूर्वी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बारदानात जायचा. आता तोच गूळ एक किलोच्या खोक्यात आणि पाव किलोच्या पुड्यात विकायचा असतो, त्यामुळे खोक्यावरच्या अक्षरांची काळजी गुऱ्हाळवाल्यालाही करावी लागते.

या गिऱ्हाइकाकडे डिझाइन आधीच तयार होतं, दुसऱ्या कुणीतरी करून दिलेलं. मागे उसाच्या फडाचा गडद हिरवा फोटो, त्यावर गर्द तपकिरी अक्षरांत ‘सेंद्रिय गूळ’ आणि अक्षरांभोवती क्रीम रंगाची आउटलाइन. फॉन्ट युनिकोड, बोरूच्या तिरप्या कापाचा. मात्रा आणि वेलांटी टोकाला निमुळती होत जाणारी, उकाराची शेपटी धारदार. फॉन्टची निवड चांगली होती. गुळाला शोभणारं जुनं वळण त्यात होतं आणि तो बदलायचा नाही हे गिऱ्हाइकानं पहिल्याच बोलण्यात सांगितलं.

आमच्याकडे काम आलं ते तीन ठिकाणी वापरायच्या फायली तयार करून देण्यासाठी: एक किलोचं ऑफसेटवर छापायचं खोकं, पाव किलोचं लेबल आणि स्टॉलसाठी व्हिनाइल कापून लावायचा सहा फुटी बोर्ड. दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, त्याआधी खोकी हातात हवी होती.

अडचण

फाइल इलस्ट्रेटरची होती. आम्ही खोक्याच्या पुढच्या बाजूची मूळ मापाची प्रिंट काढून गिऱ्हाइकापुढे ठेवली. त्यानं ती हातात घेऊन खिडकीपाशी नेली आणि म्हणाला, “दादा, ह्या ‘ळ’चं डोळं मिटल्यात की वो. आणि मात्रंला काटं फुटल्यात.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ‘सेंद्रिय’मधल्या मात्रेच्या टोकाला आणि वेलांटीच्या वळणाच्या शेवटी क्रीम रंगाचे लांब सुळे बाहेर आले होते. ‘ळ’च्या दोन पोकळ्यांत हिरव्या फोटोचा एवढासा ठिपका उरला होता, बाकी सगळं क्रीम. ‘ळ’ची बारीक वळणं तर तपकिरी दिसतच नव्हती. तिसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती, पण आमच्या ऑपरेटरनं बोट ठेवलं: शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक उभी क्रीम रेघ होती. सलग शिरोरेषेचे जणू तुकडे पाडले होते.

पाव किलोच्या लेबलवर अवस्था आणखी वाईट होती. तिथं ‘गूळ’ म्हणजे क्रीम रंगाचा गोळा झाला होता, मध्ये तपकिरीचा कुठंतरी ओरखडा.

त्यात भर म्हणजे गिऱ्हाइकाच्या भावानं घरी पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडून स्वतः दुरुस्तीचा प्रयत्न केला होता. ती फाइलही त्यांनी आणली. तिच्यात ‘ळ’चे डोळे पूर्ण बुजले होते, पण ते तपकिरी रंगानं.

कारण शोधताना

पोकळी बुजली की पहिल्यांदा बघायचं ती कोणत्या रंगानं बुजलीय. आउटलाइनच्या रंगानं बुजली असेल तर दोष स्ट्रोकच्या, म्हणजे आउटलाइन काढणाऱ्या रेघेच्या, जाडीचा किंवा बाजूचा. अक्षराच्याच रंगानं बुजली असेल तर अक्षराचे बाहेरचा आणि आतला असे दोन आकार एकमेकांपासून सुटले आहेत. भावाच्या फाइलमध्ये हेच दुसरं झालं होतं. त्यानं आकाराच्या कडेवरचे बिंदू, म्हणजे नोड, पकडायला सोपं जावं म्हणून Break Apart केलं, त्यामुळे ‘ळ’च्या आतल्या पोकळ्या स्वतंत्र, तपकिरी रंग भरलेले आकार बनल्या. मग सगळं परत एकत्र करायला त्यानं Weld वापरलं, आणि वेल्ड म्हणजे बेरीज, त्यात पोकळी कायमची गेली. तिथं Combine हवं होतं, म्हणजे `Ctrl+L`. त्यानं आतला आकार पुन्हा भोक म्हणून मोजला जातो. ती फाइल आम्ही बाजूला ठेवली आणि मूळ फाइलकडे वळलो.

मूळ फाइलमध्ये अक्षरं टाइप केलेल्या रूपातच होती आणि त्यांना ६ पॉइंटचा स्ट्रोक दिलेला होता. ६ पॉइंट म्हणजे २.१२ मि.मी. हा स्ट्रोक अक्षराच्या कडेवर मध्यावर बसतो, म्हणजे १.०६ मि.मी. बाहेर आणि १.०६ मि.मी. आत, अक्षराच्या अंगावर. आता आकडे लावून बघा. ‘गूळ’ची उंची ३४ मि.मी. जाड भाग ४.५ मि.मी. रुंद, त्यातून दोन्ही बाजूंनी १.०६ गेले की उरतात जेमतेम २.४. बारीक वळण १.८ मि.मी. रुंद, त्यातून २.१२ वजा होणार म्हणजे तिथं तपकिरी उरतच नाही. ‘ळ’ची पोकळी ३.२ मि.मी. रुंद, तिच्यातही दोन्ही काठांवरून १.०६ आत शिरले आणि १.०८ मि.मी.चा ठिपका राहिला. एकच स्ट्रोक अक्षरही खातो आणि पोकळीही.

लेबलचा गोळा होण्याचं कारण याच हिशेबातून निघालं. मूळ डिझाइनरनं खोक्याची मांडणी ४५ टक्क्यांवर आणून लेबल बनवलं होतं, पण `Scale Strokes & Effects` बंद होतं. अक्षर लहान झालं, स्ट्रोक ६ पॉइंटचाच राहिला. ४.५ मि.मी.चा जाड भाग आता २.०३ मि.मी. झाला होता आणि त्याच्यावर २.१२ मि.मी.ची क्रीम रेघ चढली. अक्षराचा सगळ्यात जाड भागसुद्धा झाकला गेला. कोरलमध्येही अशीच सोय असते, Outline Pen मध्ये Scale with object नावानं. फाइल लहानमोठी करण्याआधी ती खूण बघायची सवय असली तर हे टळतं.

आता काटे. स्ट्रोकचे कोपरे तीन तऱ्हेनं जोडता येतात: मायटर म्हणजे टोकदार, राउंड म्हणजे गोल आणि बेव्हल म्हणजे छाटलेला. मायटरमध्ये दोन्ही कडांच्या बाहेरच्या रेघा जिथं एकमेकींना भेटतील तिथपर्यंत स्ट्रोक लांबत जातो. कोपरा काटकोनी असेल तर त्या लगेच भेटतात. कोन निमुळता असेल तर लांबवर जाऊन भेटतात, आणि तेवढा सुळा बाहेर येतो. सुळा किती लांब येईल ते असं काढतात:

```
सुळा = (स्ट्रोकची जाडी ÷ 2) ÷ sin(θ ÷ 2)
```

इथं θ म्हणजे टोकाचा कोन. आमच्या वेलांटीच्या टोकाचा कोन सुमारे २० अंश होता. १० अंशाची साइन ०.१७४, म्हणून १.०६ ÷ ०.१७४ म्हणजे ६.१ मि.मी. बाकी सगळीकडे एक मिलिमीटरची आउटलाइन आणि टोकाला सहा मिलिमीटरचा काटा.

असे सुळे फार वाढू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मायटर लिमिट असते. लिमिट ओलांडली की तो कोपरा आपोआप बेव्हल होतो. इलस्ट्रेटरमध्ये नवीन स्ट्रोकला ती १० असते, म्हणजे साधारण साडेअकरा अंशांपेक्षा निमुळता कोपराच छाटला जातो. आमचे २० अंशांचे टोक त्या हिशेबात बसत होते, म्हणून ते बिनबोभाट सुटले. सरळ उभ्याआडव्या रेघांच्या फॉन्टमध्ये हा प्रश्न क्वचित दिसतो. बोरूच्या वळणात मात्रा, वेलांटी, उकार सगळ्यांना धार असते, त्यामुळे तिथं हमखास दिसतो.

शिरोरेषेतल्या उभ्या रेघांचं कारण फॉन्टच्या बांधणीत आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, नाहीतर मधे फट दिसेल. नुसता रंग भरलेला असतो तेव्हा हे चढणं दिसत नाही. स्ट्रोक दिला की प्रत्येक अक्षराच्या कडेला स्वतंत्र रेघ येते, सांध्यावरसुद्धा.

कोणते पर्याय होते

पहिला विचार साहजिकच स्ट्रोक बारीक करण्याचा आला. ३ पॉइंट केला की काटा तीन मिलिमीटरवर येतो, पोकळी मोकळी होते. पण आउटलाइन अर्ध्या मिलिमीटरची उरते. गडद फोटोवर गर्द तपकिरी अक्षर असल्यामुळे वाचायला आउटलाइनचाच आधार होता. प्रिंट टेबलावर उभी करून दाराजवळून बघितली तर नाव फोटोत विरघळत होतं. हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

राउंड जोड दिला की काटे क्षणात गेले. बहुतेक ठिकाणी लोक इथंच थांबतात आणि बऱ्याच कामांना ते पुरतं. पण गडद पार्श्वभूमीवर डोळ्याला पहिल्यांदा दिसते ती क्रीम आउटलाइनची बाह्यरेषा, आतलं तपकिरी अक्षर नंतर. शिरोरेषेची काटकोनी टोकं आणि काप दिलेले कोपरे गोल झाल्यावर फॉन्टचं सगळं वळण बोथट झालं. गिऱ्हाइकाला नेमकं काय बदललं ते सांगता येईना, पण “आता ते चॉकलेटच्या जाहिरातीगत वाटतंय” एवढं तो म्हणाला. त्याचं म्हणणं आम्हाला पटलं.

तिसरा पर्याय मायटर लिमिट खाली आणण्याचा. लिमिट २ ठेवली तर ६० अंशांपेक्षा निमुळते कोपरे छाटले जातात आणि काटकोनी कोपरे धारदार राहतात, कारण काटकोनाला १.४१ एवढीच लागते. कागदावर हे आदर्श वाटतं. करून बघितलं तेव्हा वेगळाच दोष दिसला: बेव्हल कोपरा टोकाच्या अगदी अंगाशी छाटतो. २० अंशांच्या टोकापुढे आउटलाइन १.०६ गुणिले ०.१७४, म्हणजे ०.१८ मि.मी. एवढीच उरली. काटा गेला, पण वेलांटीचं टोक आउटलाइनमधून जवळपास बाहेर डोकावू लागलं. निमुळत्या टोकांवर ही अडचण येतेच. मायटर फार देतो आणि बेव्हल फार थोडं.

चौथा पर्याय स्ट्रोक अक्षराच्या बाहेरच्या बाजूला बसवण्याचा. इथं आमचा बराच वेळ गेला. टाइप केलेल्या अक्षरांवर इलस्ट्रेटरमध्ये Align Stroke ची बटणं करडी पडलेली असतात, म्हणून आधी Create Outlines करून अक्षरांचे आकार बनवावे लागतात. ते केलं, Align Stroke to Outside दाबलं, आणि अक्षरं लगेच मूळच्या वजनावर आली. ‘ळ’ची बारीक वळणं परत दिसली. पण पोकळ्या आता पूर्ण मिटल्या.

ऑपरेटर गोंधळली. “सर, बाहेरच्या बाजूला लावला तर आतलं कसं बुजलं?”

अक्षराची ‘बाहेरची बाजू’ म्हणजे जिथं शाई नाही ती बाजू. ‘ळ’ची पोकळी आपल्याला आत वाटते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती अक्षराच्या बाहेरच आहे. म्हणून बाहेरच्या बाजूचा ६ पॉइंटचा स्ट्रोक पूर्णच्या पूर्ण, २.१२ मि.मी., पोकळीत प्रत्येक काठावरून शिरतो. ३.२ मि.मी.च्या पोकळीत दोन्हीकडून २.१२ आले तर काही उरायचा प्रश्नच नाही. स्ट्रोक ३ पॉइंट केला की बाहेर हवी तेवढी १.०६ मि.मी. आउटलाइन मिळते, पण पोकळीत पुन्हा तोच १.०८ चा ठिपका. आतल्या बाजूला लावला तर पोकळी शाबूत राहते आणि अक्षर रोडावतं. बाजू बदलून पोकळी आणि अक्षर दोन्ही वाचवता येत नाहीत, एकाचं नुकसान दुसऱ्यावर ढकललं जातं एवढंच.

टाइप केलेली अक्षरं न मोडता जवळपास हाच परिणाम साधता येतो: Appearance पॅनेलमध्ये नवीन स्ट्रोक घेऊन तो Characters च्या खाली ओढायचा. कोरलमध्ये Behind fill. मजकूर अजून बदलणार असेल तर हीच रीत बरी. मात्र पोकळीबद्दलचा हिशेब तिथंही तोच.

शेवटचा पर्याय स्ट्रोक सोडून देऊन आउटलाइनचा खरा आकार बनवण्याचा, Offset Path नं, म्हणजे अक्षराची कड ठरावीक अंतरानं बाहेर सरकवून. वेळ जास्त लागतो आणि नंतर मजकूर बदलता येत नाही. पण या कामात दोन गोष्टी त्याच्या बाजूनं होत्या. व्हिनाइल कापणारं मशीन आकाराच्या कडेवरून चालतं, स्ट्रोकची जाडी त्याला कळत नाही. बोर्डसाठी खरा आकार लागणारच होता. आणि पीडीएफच्या भाषेत स्ट्रोक नेहमी मध्यावरच असतो, बाहेरची किंवा आतली बाजू असा प्रकारच तिथं नाही. सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करताना त्यातून काहीतरी वाट काढतं. ती फाइल छपाईवाल्याकडे दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडली जाणार असेल तर तिथं काय दिसेल याचा भरवसा आकाराइतका स्ट्रोकचा देता येत नाही.

निर्णय आणि कृती

ऑफसेट पाथ घ्यायचा हे ठरल्यावरही मुख्य निर्णय बाकी होता: पोकळीचं करायचं काय? हा प्रश्न स्पष्ट विचारला गेला तिथं प्रकरणाला खरं वळण लागलं. तोवर आम्ही सगळे पोकळी ‘वाचवायच्या’ मागे होतो.

‘ळ’च्या एका पोकळीसाठी तीन गोष्टी करून कागदावर छापल्या. एकीत पोकळीतली आउटलाइन काढून टाकली, म्हणजे आत थेट फोटो दिसतो. गर्द तपकिरीत गडद हिरवा. थोडं लांब गेलं की दोन्ही एकजीव. दुसरीत बाहेर १ मि.मी. आणि पोकळीत फक्त ०.४ मि.मी. आउटलाइन ठेवली. मूळ मापाला सुंदर दिसली, पण लेबलच्या मापाला पोकळी १.४ मि.मी.ची आणि तिच्यात क्रीमचा ०.१८ चा काठ, मधोमध हिरवा ठिपका. चार रंगांची छपाई किंचित सरकली की तो ठिपका घाण वाटणार. तिसरीत पोकळी क्रीम रंगानं पूर्ण भरली. तपकिरी अक्षर, त्याच्या डोळ्यांत स्वच्छ क्रीम. तिन्हींत ‘ळ’ सगळ्यात ठळक वाचला जात होता तो याच छापात.

म्हणजे ज्याबद्दल तक्रार होती तेच, पोकळी भरणं, आम्ही मुद्दाम केलं. फरक एवढाच की आता आउटलाइन अक्षराच्या मागे होती आणि अक्षराचं अंग पूर्ण होतं. पोकळीचा आकार तपकिरी कडा ठरवते. ती कड शाबूत असेल तर आत कोणता रंग आहे यानं अक्षर बिघडत नाही, उलट रंग उजळ असेल तर उठून दिसतं. अर्धवट भरलेली पोकळी मात्र सगळ्यात वाईट. एकतर ती ऐसपैस मोकळी हवी, नाहीतर पूर्ण भरलेली. हेच अक्षर पांढऱ्या कागदावर किंवा उजळ फोटोवर असतं तर आम्ही पोकळी मोकळी ठेवली असती.

प्रत्यक्ष काम असं झालं. Create Outlines नंतर स्ट्रोक काढून टाकला आणि प्रत्येक शब्द Pathfinder मधल्या Unite नं एकसंध केला, त्यानं शिरोरेषेचे सांधे मिटले. मग `Ctrl+Y` दाबून नुसत्या रेघांचं दृश्य घेतलं आणि सगळे सांधे मोठे करून तपासले. युनाइट केल्यावर मात्रेचा पाय शिरोरेषेला मिळतो तिथं कधीकधी दोन नोड केसभर अंतरावर राहतात आणि मधला तुकडा उलट दिशेला वळलेला असतो. डोळ्याला दिसत नाही, पण ऑफसेट घेताना तिथूनच नवा काटा फुटतो. ‘द्रि’च्या डोक्यावर असा एक सापडला, जादा नोड काढून टाकला.

मग टोकं. राउंड नको आणि बेव्हलनं टोक उघडं पडतं, म्हणून अक्षराचंच टोक किंचित छाटलं. टोकावर आडवा छोटा चौकोन ठेवून Minus Front केलं, असं की निमुळत्या टोकाऐवजी ०.३ मि.मी. रुंदीची सपाट कड येईल. २० अंशांच्या टोकाची लांबी त्यात ०.८५ मि.मी. कमी होते, ३४ मि.मी. उंचीच्या अक्षरात ते कळत नाही. पण एका २० अंशांच्या कोपऱ्याच्या जागी आता १०० अंशांचे दोन कोपरे आले, आणि १०० अंशांवर मायटर फक्त १.३ पट लांबतो. काटा यायचं कारणच राहिलं नाही, बाकीचे कोपरे धारदार ठेवता आले. मात्रा, वेलांटी, उकार आणि ‘स’ची शेपटी, एवढ्याच ठिकाणी हे करावं लागलं.

त्यानंतर ‘गूळ’ला १ मि.मी.चा आणि लहान असलेल्या ‘सेंद्रिय’ला ०.७ मि.मी.चा ऑफसेट दिला, जोड मायटर, लिमिट ४. मागच्या क्रीम आकारातल्या आतल्या कडा निवडून काढून टाकल्या, म्हणजे पोकळ्या भरल्या. इथं एक गोष्ट सहज निसटली असती. ‘सें’मध्ये मात्रा, अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्या मधे आउटलाइन वाढल्यावर टिंबाएवढी तिकोनी फट तयार झाली होती. मूळ अक्षरात ती पोकळी नव्हतीच, आउटलाइननंच ती जन्माला घातली होती. अनुस्वार असलेल्या शब्दांत ही जागा नेमानं बघावी लागते. तीही बंद केली.

लेबलसाठी ४५ टक्क्यांचं सरळ लहानीकरण केलं नाही. तिथं १ मि.मी.ची आउटलाइन ०.४५ झाली असती आणि फोटोवर कमी पडली असती. मूळ अक्षर लहान करून त्याला नव्यानं ०.६ मि.मी.चा ऑफसेट दिला.

निकाल

खोक्याचं प्रूफ गिऱ्हाइकानं घरी नेलं, वडिलांना दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी दिली. खोकी पाडव्याआधी छापून गेली. छपाईत क्रीम आणि तपकिरीच्या सीमेवर पांढरी फट कुठंही आली नाही, कारण तपकिरीच्या मिश्रणात क्रीममधला पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही होतेच; प्लेट जरा सरकली तरी खाली रंग राहतो. लेबलवर ‘गूळ’ हाताच्या अंतरावरून स्वच्छ वाचता येतो.

बोर्डाचं काम मात्र पहिल्या फटक्यात जमलं नाही. व्हिनाइलवाल्याला आम्ही खोक्याचेच आकार पंधरा पट करून पाठवले. अक्षर अर्ध्या मीटरहून उंच झालं आणि वेलांटीची ०.३ मि.मी.ची छाटलेली कड साडेचार मिलिमीटरची झाली, टोक तेरा मिलिमीटरनं आखूड. खोक्यावर न दिसणारी छाटणी बोर्डावर उघड दिसली, बोरूचं टोक मोडल्यासारखी. व्हिनाइलवाल्यानं कापायच्या आधी फोन केला म्हणून माल वाया गेला नाही. मूळ, न छाटलेल्या अक्षरांवरून बोर्डासाठी वेगळा आकार काढला. एवढ्या मोठ्या मापात टोकं हातानं जुळवणं सोपं गेलं: मायटर ठेवून ऑफसेट घेतला आणि सुळे जिथं बरे दिसतील तिथं कापले. पोकळ्या भरलेल्या असल्यानं क्रीम थरात कापायला आणि सोलायला नाजूक तुकडे राहिले नाहीत, हा वरचा फायदा.

पुन्हा असं काम आलं तर

सगळ्यात छोटं माप आधी सोडवायला हवं होतं. आम्ही खोक्यापासून सुरुवात केली कारण ते मुख्य काम होतं, पण पोकळीचा निर्णय खरा लेबलनं ठरवला. लेबलची पोकळी किती मिलिमीटरची उरते आणि तिच्यात आउटलाइन दोन्ही काठांनी किती घेते हा एक वजाबाकीचा हिशेब पहिल्या दिवशी मांडला असता, तर बाजू बदलून बघण्यात गेलेला वेळ वाचला असता.

युनाइट केलेलं पण टोकं न छाटलेलं अक्षर वेगळ्या लेअरवर कुलूप लावून ठेवायला हवं. आमच्याकडे ते जुन्या आवृत्तीत सापडलं म्हणून बोर्ड लवकर झाला. आता प्रत्येक नावाच्या फाइलमध्ये तीन लेअर असतात: टाइप केलेला मजकूर, युनाइट केलेलं धारदार अक्षर आणि त्या मापापुरतं छाटलेलं अक्षर. ऑफसेट प्रत्येक मापाला तिसऱ्या लेअरवरून नव्यानं काढतो.

एक प्रश्न आमच्यात अजून सुटलेला नाही. ऑपरेटरचं मत आहे की लेबलवर राउंड जोडच द्यायला हवा होता. पंधरा मिलिमीटरच्या अक्षरात कोपरा धारदार आहे की ०.६ मि.मी.नं गोल, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि टोकं छाटायचं काम वाचलं असतं. तिनं दोन्ही छाप शेजारी ठेवून दाखवले. लेबलपुरतं तिचं बरोबर वाटतं. खोकं आणि लेबल दुकानात एकाच फळीवर शेजारी लागणार होते, म्हणून आम्ही दोन्हीकडे एकच वळण ठेवलं. लेबल एकटं असतं तर राउंडनं भागलं असतं.